डोळे काही बोलत नाहीत

"डोळ्यांत बघितलं की कळतं रे सगळं." हे वाक्य मी आयुष्यात किमान पन्नास वेळा ऐकलंय आणि दहा-बारा वेळा स्वतः फेकलंय. त्यातल्या एका वेळेची गोष्ट आज सांगणार आहे. कारण त्या एका वाक्याने मी माझ्या मामेबहिणीचं जे नुकसान केलं ते भरून निघणारं नाही, आणि दर लग्नसराईत कोणी ना कोणी तेच वाक्य पुन्हा माझ्यासमोर टाकतं, तेव्हा माझं डोकं फिरतं.

ऑक्टोबर २०१८. आम्ही चौघं शनिवारी सकाळी ठाण्याहून गाडी काढून सूर्यमाळला निघालो होतो. कसारा, विहीगाव, खोडाळा आणि मग वर. पालघर जिल्ह्यात मोखाडा तालुक्यात हे पठार आहे. पाऊस नुकताच संपलेला, उतारावर खुरासणी पिवळीधमक फुललेली, नागली-वरई कापणीला आलेली. गाडीत मी, माझी बायको, माझा ऑफिसातला एक मित्र आणि माझी मामेबहीण. मित्राला बहीण आवडत होती. हे मला माहीत होतं, बायकोला माहीत होतं, बहुतेक गाडीच्या ड्रायव्हरलाही माहीत असतं, पण गाडी मीच चालवत होतो.

बहिणीबद्दल थोडं सांगायला हवं. नकाशांचा डेटा तपासायचं काम करते. प्रश्नाला उत्तर देते, म्हणजे फक्त प्रश्नालाच देते. "थंडी वाजत नाही का तुला?" असं विचारलं तर "वाजतेय" म्हणते आणि विषय संपतो. समोरच्याला शाल द्यायची होती हे तिच्या गावीही नसतं. बोलताना खिडकीकडे, टेबलाकडे, आपल्या खांद्याच्या मागे कुठेतरी बघते. घरात तिला 'तिरसट' म्हणत. लहानपणी 'शिष्ट'. तेव्हा आमच्यापैकी कोणालाही याहून वेगळा शब्द माहीत नव्हता.

संध्याकाळी पठाराच्या कडेला बसलो होतो. मी आणि बायको मुद्दाम जरा लांब. मित्र तिच्या शेजारी. त्याने (नंतर त्यानेच सांगितलं) धीर करून म्हटलं, "इथे एक छोटंसं घर बांधून कायमचं राहायला काय मस्त वाटेल ना... आपण दोघांनी?"

ती म्हणाली, "इथे पाण्याची अडचण आहे. पाऊस खूप पडतो पण टिकत नाही. उन्हाळ्यात टँकर लागतात."

संपलं. प्रेमाच्या इतिहासात टँकरने इतका मोठा अपघात कधी केला नसेल.

रात्री मित्राने मला बाजूला घेऊन विचारलं, "तुला काय वाटतं? तिच्या मनात काही आहे का?" आणि मी, दहा वर्षं लोकांच्या कोडमधले बग शोधणारा शहाणा माणूस, म्हणालो, "सोड यार. डोळ्यांत बघितलं की कळतं. ती तर तुझ्याकडे बघतसुद्धा नाही."

त्याने सोडलं. २०२० मध्ये त्याचं लग्न झालं, छान चाललंय. २०२२ मध्ये ठाण्यातल्या एका मानसोपचारतज्ज्ञाने बहिणीला ऑटिझम असल्याचं निदान केलं, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी. त्यानंतर काही महिन्यांनी आमच्याकडे जेवायला आली असताना ती सरळ आमटी वाढून घेत म्हणाली, "दादा, तो मला आवडायचा. त्याने विचारलं असतं तर मी हो म्हटलं असतं."

मी म्हणालो, "अगं, त्याने विचारलं होतं. सूर्यमाळला."

"नाही. तो घराबद्दल बोलत होता. मी घराबद्दल सांगितलं."

आता यात चूक कोणाची?

शंभरातले नव्वद जण म्हणतील, तिची. एवढं साधं कळू नये? बरं, आता तोच प्रसंग तिच्या बाजूने बघा. ज्या माणसावर तिचा जीव होता त्याने सूर्यमाळला घर बांधायचा विषय काढला, "आपण दोघांनी" म्हणून. तिने तो प्रस्ताव इतका मनावर घेतला की पहिली अडचण लगेच मांडली. आपण घर घेताना बायको म्हणते ना, "पाणी किती वेळ येतं ते विचारा आधी"? ती बायको नकार देत असते का? हे वाक्य नकाराचं नव्हतंच. संसाराची पहिली चर्चा होती ती! आम्ही दोघा हुशारांनी तिच्या शब्दांकडे दुर्लक्ष केलं आणि जे तिने म्हटलंच नव्हतं ते तिच्या नजरेतून वाचलं.

माझा मुद्दा असा की डोळे वाचणं हे कौशल्य म्हणून मिरवलं जातं, पण बऱ्याचदा तो फक्त आपल्यासारख्या माणसांचा एकमेकांशी झालेला करार असतो. त्या करारावर ज्याने सही केलेली नाही त्याच्यावर तो लादून आपण निकाल देतो.

गंमत बघा. सायन्समध्येसुद्धा हेच झालंय. सायमन बॅरन-कोहेन या ब्रिटिश संशोधकाने डोळ्यांतून मन वाचण्याची एक प्रसिद्ध परीक्षा तयार केली. तिची २००१ची सुधारित आवृत्ती जगभर वापरली गेली. ३६ फोटो, प्रत्येकात फक्त डोळ्यांची पट्टी, खाली चार शब्द, त्यातला बरोबर भाव निवडायचा. ऑटिस्टिक लोकांना यात सरासरीने कमी गुण मिळतात, म्हणून त्यांना दुसऱ्याचं मन कळत नाही, असा त्याचा अर्थ लावला गेला. पण ते फोटो आले कुठून? मासिकांमधून कापलेले. आणि 'बरोबर' उत्तर ठरवलं कोणी? परीक्षा तयार करणाऱ्यांनी शब्द ठरवले आणि परीक्षकांच्या गटातल्या बहुतेकांचं त्यावर एकमत झालं की ते बरोबर. फोटोतल्या माणसाला त्या क्षणी काय वाटत होतं हे कोणी विचारलंच नाही! म्हणजे ही परीक्षा मन वाचण्याची नाही. इतर लोक काय म्हणतील याचा अंदाज बांधण्याची आहे. आमच्याकडे याला 'टेस्ट केस आणि कोड एकाच माणसाने लिहिणं' म्हणतात, आणि असं केलं तर रिव्ह्यूमध्ये शिव्या बसतात.

२०१२ मध्ये डेमियन मिल्टन या समाजशास्त्रज्ञाने (तो स्वतः ऑटिस्टिक आहे) उलटा प्रश्न मांडला. दोन वेगळ्या घडणीची माणसं एकमेकांना समजू शकत नसतील तर दोष एकाच्याच खात्यावर का? न कळणं दोन्ही बाजूंनी आहे. फक्त एका बाजूची संख्या जास्त म्हणून दुसरी बाजू आजारी ठरते. याला पुरावा म्हणून एक प्रयोग नेहमी सांगितला जातो. गोष्ट एकाने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला सांगायची, अशी आठ जणांची साखळी. २०२० मध्ये असं दिसलं की सगळे ऑटिस्टिक असलेल्या साखळीत आणि एकही ऑटिस्टिक नसलेल्या साखळीत गोष्ट सारखीच टिकते, मिश्र साखळीत मात्र जास्त गळते. प्रामाणिकपणे सांगायचं तर २०२५ मध्ये बऱ्याच मोठ्या संख्येने हाच प्रयोग पुन्हा केला तेव्हा मिश्र साखळीतली ती जास्तीची गळती दिसली नाही. म्हणजे स्पष्ट शब्दांत सांगितलेली माहिती मिश्र जोडीतही नीट पोचते. मला तर हे जास्तच महत्त्वाचं वाटतं. शब्द पोचतात! अडतं ते बाकीच्या गोष्टींवर.

त्या बाकीच्या गोष्टी कोणत्या, ते २०१७च्या एका अभ्यासात दिसतं. ऑटिस्टिक आणि इतर माणसांचे काही सेकंदांचे व्हिडिओ अनोळखी लोकांना दाखवले. ऑटिस्टिक माणसांशी बोलावंसं, शेजारी बसावंसं लोकांना कमी वाटलं, तेही काही सेकंदांत. मग त्याच माणसांचं बोलणं फक्त कागदावर लिहून दिलं. चेहरा नाही, आवाज नाही. तो फरक गेला. लोकांना खटकत होतं ते बोलणं नव्हतं, बोलण्याची ढब होती. आम्ही सूर्यमाळला हेच केलं. चेहरा बघून निकाल दिला, मजकूर वाचलाच नाही.

आणि मजकूर भरपूर होता हो! नंतर मी आणि बायकोने बसून आठवलं तेव्हा अंगावर काटा आला.

मित्राचं घर नाशिकला. दर शुक्रवारी संध्याकाळी तो ठाण्याहून पंचवटी पकडायचा. त्या वर्षी जूनपासून बहीण त्याला दर शुक्रवारी दुपारी मेसेज करायची: गेल्या आठ शुक्रवारी गाडी ठाण्याला सरासरी किती मिनिटं उशिरा आली, आज ऑफिसातून कधी निघालास तरी चालेल. बाकी एक शब्द नाही. 'हाय' नाही, स्मायली नाही. मित्र ते मला दाखवून हसायचा, "तुझी बहीण म्हणजे रेल्वेची चौकशी खिडकी आहे." मीही हसायचो. पण आम्ही एक साधा प्रश्न विचारला नाही, हे असं ती आणखी कोणासाठी करते? मी तिचा भाऊ. मीही कामासाठी नाशिकला जायचो. मला एकही मेसेज नाही. जगात एकाच माणसासाठी ती दर आठवड्याला बसून आकडेमोड करत होती.

दुसरी गोष्ट. शनिवार सकाळ तिची ठरलेली असते. सात दहाला बाहेर, अमुक रस्त्याने चालणं, अमुक दुकानातून दूध. माझ्या लग्नाच्या सकाळीसुद्धा तिने हे मोडलं नव्हतं (आईने आजपर्यंत माफ केलेलं नाही). सूर्यमाळला यायला तिने ते मोडलं. कोण कोण येणार हे विचारलं आणि मग हो म्हणाली.

तिसरी गोष्ट नजरेचीच. निदानानंतर तिने आम्हाला सांगितलं की नोकरीच्या मुलाखतीत ती समोरच्याच्या दोन भुवयांच्या मधे बघते आणि मनात तीनपर्यंत मोजते, मग जरा खाली. कॉलेजात असताना स्वतःच शोधून काढलेली युक्ती. त्यात इतकी शक्ती जाते की समोरचा काय बोलला ते अर्धं निसटतं. डोळ्यांत बघणं आणि शब्द ऐकणं ही दोन कामं एकाच वेळी जमत नाहीत, असं पुष्कळ ऑटिस्टिक माणसं सांगतात. म्हणून ज्याचं बोलणं नीट ऐकायचंय त्याच्याकडे ती बघत नाही. परक्या साहेबाकडे बघायची आणि मित्राकडे बघायची नाही, कारण मित्रासमोर नाटक करावं लागत नव्हतं. म्हणजे मी वाचलेलं चिन्ह बरोबर उलटं होतं!

आता यावर सावध करतो, नाहीतर कोणीतरी नवीन नियम काढेल की बघत नाही म्हणजे प्रेम आहे. नाही. हे तिच्यापुरतं खरं आहे. काही ऑटिस्टिक माणसं सरळ डोळ्यांत बघतात, काही कोणाकडेच बघत नाहीत. मुद्दा एवढाच की चिन्हाला स्वतःचा अर्थ नसतो. हा माणूस इतरांशी कसा वागतो, आणि माझ्याशी त्यापेक्षा वेगळा वागतो का? एवढंच वाचता येतं. सर्व्हर नेहमीच दोन सेकंदांत उत्तर देत असेल तर दोन सेकंद म्हणजे बिघाड नव्हे. आधी त्याचा नेहमीचा आकडा माहीत पाहिजे.

आणि तेवढंही पुरत नाही. तिच्या आवडीच्या विषयावर (नकाशे, रेल्वे, जुनी वेळापत्रकं) ती कोणाशीही तासभर बोलेल, त्यात प्रेम शोधायला जाऊ नका. शुक्रवारचा मेसेज ही नुसती गाढ मैत्रीसुद्धा असू शकली असती. चिन्हांवरून फार तर एवढं ठरतं की विचारायला हरकत नाही. उत्तर चिन्हांत नसतं.

इथे आपल्या लोकांचा ढोंगीपणा मला सगळ्यात जास्त खुपतो. कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात मुलीने खाली बघितलं तर सगळे खूष, "लाजली हो!" म्हणजे पसंती. तिलाच गॅदरिंगमध्ये खाली बघताना पाहिलं तर "फार आखडू आहे." मुलगा खाली बघत असेल तर "काहीतरी लपवतोय." एकच झुकलेली नजर आणि तीन अर्थ, तिन्ही बघणाऱ्याच्या सोयीचे. यातला पहिला तर धोकादायक आहे. न विचारता होकार वाचायची सवय आपल्याला सिनेमाने आणि मावशांनी लावलीय. आम्ही न विचारता नकार वाचला. दोन्हीकडे गुन्हा एकच, तिला कोणी विचारलं नाही.

शब्दही बघा कसा आहे आपला. 'स्वमग्न'. मूळ ऑटिझम हा शब्दच ग्रीकमधल्या 'स्वतः'वरून केलेला, ब्लॉयलर या मानसोपचारतज्ज्ञाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, आणि तोही स्किझोफ्रेनियाच्या एका लक्षणासाठी. आपण त्याचं इमानदारीत भाषांतर केलं. निदान झाल्यावर माझ्या मामाने पहिलं वाक्य काय म्हटलं? "म्हणजे तिला आपल्या कोणात रसच नाही." शब्दानेच निकाल दिला. आपल्याकडे प्रमाणपत्रासाठी जी चाळीस मुद्द्यांची सरकारी मोजपट्टी वापरतात तिच्यातही पहिलाच मुद्दा नजरेला नजर न देण्याचा आहे. लक्षण म्हणून ठीक आहे, माझा त्याला विरोध नाही. पण लक्षण म्हणजे मनातला मजकूर नव्हे. आठ शुक्रवारांची सरासरी दुसऱ्यासाठी काढणारी बाई स्वतःत मग्न?

तर मग त्या संध्याकाळी काय करायला हवं होतं? मी बहिणीलाच विचारलं. तिने दोन दिवसांनी (तिला विचार करायला वेळ लागतो आणि ती तो घेते) लेखी उत्तर पाठवलं. तिच्या म्हणण्याप्रमाणे पठाराच्या कडेला विचारायलाच नको होतं. वारा, उतरतं ऊन, समोर आम्ही दोघं टक लावून बसलेलो. मेसेज करायचा. असा:

"मला तू आवडतेस. मैत्रीण म्हणून आवडतेसच, पण मी लग्नाच्या दृष्टीने म्हणतोय. तुला माझ्याबद्दल तसं वाटतं का? हो, नाही, माहीत नाही, तिन्ही उत्तरं चालतील. घाई नाही, रविवारपर्यंत सांग. नाही असेल तरी मी पुन्हा विचारणार नाही आणि आपली मैत्री आहे तशी राहील."

किती रुक्ष, हो ना? मलाही आधी तसंच वाटलं. मग एकेक ओळ बघितली. कसलं आवडणं ते सांगितलंय, म्हणजे अंदाज नको. 'नाही'ला जागा ठेवलीय, कारण लहानपणापासून "असं वागू नकोस, तसं वाग" ऐकलेली माणसं समोरच्याला बरं वाटावं म्हणून पटकन हो म्हणून टाकतात. वेळ दिलाय. आणि नकारानंतर काय होईल तेही सांगितलंय. यातलं शेवटचं वाक्य पाळायचं असतं बरं का. ती नाही म्हणाली तर ते 'लाजून नाही' नसतं. जी माणसं शब्दशः बोलतात त्यांचा नकारही शब्दशः असतो.

"मग यात रोमान्स काय उरला?" असं माझ्या एका सहकाऱ्याने विचारलं. अरे बाबा, रोमान्स म्हणजे समोरच्याला कोडं घालणं आणि त्याने ते सोडवलं नाही तर त्याला नापास करणं, असं कोणी ठरवलं? आमच्या घरात पंचवटीच्या उशिराची आठ-आठ आठवड्यांची नोंद ठेवणारं प्रेम चालत आलं होतं आणि आम्ही त्याला चौकशी खिडकी म्हणालो.

आणि "तिनेही थोडं शिकायला नको का?" याचं उत्तर वर दिलंय. ती वीस वर्षं भुवयांच्या मधे बघून तीन मोजतेय. तिने शिकायचं ते शिकून झालं. आपली पाळी.

सूर्यमाळहून आल्यावर मित्राने तिच्या मेसेजना उत्तर देणं बंद केलं. त्याला वाटलं, उगाच कशाला. ती आणखी पाच शुक्रवार पाठवत राहिली. सहाव्या शुक्रवारी थांबली. याचं कारणही मी तिला विचारलं.

"पाच वेळा उत्तर आलं नाही म्हणजे नको आहे," ती म्हणाली. "तुम्ही लोक असंच सांगता ना, न बोलता? तेवढं मला वाचता येतं."